सोफासेटची निवड: रेक्झिन, कापड की लाकूड?

चेन्नईत मे महिन्यात पारा कधी कधी ४० अंशांपर्यंत चढतो आणि समुद्रामुळे हवेतील दमटपणाही हटत नाही. अशा शहरात तीन व पाच वर्षांची मुले असलेल्या एका कुटुंबाला बैठकीच्या खोलीसाठी सोफासेट घ्यावयाचा आहे, असे समजू.

दुकानात प्रथम मनात भरते ते रेक्झिन. सांडलेले दूध फडक्याने पुसले की झाले, असे विक्रेता सांगतो. हे अर्धेच खरे आहे. दूध पृष्ठभागातून आत जात नाही, परंतु शिवणीच्या भोकांतून झिरपते. रेक्झिन म्हणजे कापडावर चढविलेला प्लॅस्टिकचा थर. त्यातून घामाची वाफ जाऊ शकत नाही, म्हणून उघड्या पोटऱ्या त्याला चिकटतात. थर पीव्हीसीचा असल्यास त्याला मऊ ठेवणारे द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जाते व तो ताठरून तडकतो. पॉलियुरेथेनचा असल्यास हवेतील ओलाव्याने त्याचे विघटन होऊन पापुद्रे सुटतात, आणि मग ते सोलण्याचा मुलांना छंदच जडतो! यावर डागडुजी चालत नाही. आवरणच बदलावे लागते.

कापडी सोफ्यावर बसणे सुखाचे, कारण सुती कापड घाम टिपते. मात्र सांगाड्याला कायमचे ठोकलेले कापड धुता येत नाही. त्याखालच्या फोममध्ये दूध किंवा मूत्र मुरले, तर दमट हवेत तो लवकर वाळत नाही आणि वास राहतो.

म्हणून या कुटुंबाने सागवानी सांगाडा आणि सुट्या गाद्या घेणे अधिक श्रेयस्कर. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये फटी असल्याने गादीला खालूनही हवा लागते. सुती खोळींना चेन असावी आणि खोळींचे दोन संच असावेत, म्हणजे एक धुण्यात असताना दुसरा वापरता येतो. खोळ शिवण्यापूर्वी कापड भिजवून घ्यावे. अन्यथा पहिल्याच धुण्यात ते आटते व गादी त्यात बसत नाही.

फोमची पारख वजनावरून होते. ५५ सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद व १० सेंटिमीटर जाड गादी म्हणजे सुमारे ०.०३ घनमीटर. घनता ४० किलो प्रति घनमीटर असेल, तर आतील फोम सुमारे १.२ किलो भरला पाहिजे. पाऊण किलोच भरला, तर घनता जेमतेम २५ आहे. अशी गादी मुलांच्या उड्यांखाली लवकरच दबते.

लाकडाचा खरा दोष म्हणजे त्याचे कोपरे. धावताना पडलेल्या लहान मुलाला हातांची टोके लागू शकतात. ती सुताराकडून गोल घासून घ्यावीत. सागाच्या नावाखाली कच्चे, फिकट लाकूड वापरलेले नाही ना, हे गाद्या उचलून खालच्या बाजूने पाहावे. तेथे टाचणीएवढी छिद्रे आणि पिठासारखी ताजी भुकटी दिसली, तर लाकडात कीड आहे असे समजून तो सोफा घेऊ नये.