उन्हाळ्यात सतलज का वाढते?

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या मे महिन्यात अगदी रोडावलेल्या असतात. त्याच सुमारास, पावसाचा एक थेंबही पडलेला नसताना, हिमाचल प्रदेशातून वाहणाऱ्या सतलजचे पाणी दिवसेंदिवस चढत असते. भाक्रा धरणाच्या जलाशयाचा भरणकाळ २१ मेपासून धरण्यात येतो. मोसमी पाऊस तेथे पोचावयास त्या वेळी महिनाभर तरी अवकाश असतो. मग हे पाणी येते कोठून?

ते मागील हिवाळ्याचे असते. डिसेंबर ते मार्च या काळात पश्चिमेकडून येणारी वादळे स्पिती, किन्नौर इत्यादी उंच भागांत हिमवर्षाव करतात. हिवाळ्याच्या अखेरीस सतलजच्या भारतातील पाणलोट क्षेत्रापैकी सुमारे ६५ टक्के भूमी हिमाच्छादित असते. हा साठा थंडीत जागच्या जागी राहतो. म्हणूनच जानेवारीत नदी क्षीण असते व तिच्यात वाहणारे पाणी मुख्यतः झऱ्यांचे, म्हणजे भूमीत पूर्वी मुरलेले असते.

वसंतात हवा तापू लागली तरी नदी लगेच फुगत नाही. हिमाचा थर आरंभी शून्य अंशाखाली असतो. तो प्रथम शून्य अंशापर्यंत यावा लागतो. नंतर वितळलेले पाणी थरातील कणांच्या पोकळ्यांत साठते, आणि त्या भरल्यावरच ते खाली वाहू लागते. शिवाय शून्य अंशावरील एक ग्रॅम हिम वितळविण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविता येईल! या मोठ्या खर्चामुळेच हिमसाठा एका आठवड्यात वाहून न जाता कित्येक आठवडे पुरतो. आधी खालच्या उतारांवरील हिम वितळते, आणि ऋतू पुढे सरकतो तशी हिमरेषा वर चढत जाते.

जूनच्या पुढे दुसरा साठा खुला होतो. तो म्हणजे हिमनद्यांचे बर्फ. हिम व बर्फ यांत येथे भेद केला पाहिजे. हिम हे एका हिवाळ्याचे असते. हिमनदीचे बर्फ मात्र अनेक वर्षांच्या हिमाचे थरावर थर दाबले जाऊन बनलेले असते. ताजे हिम अंगावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परत फेकते. उघडे पडलेले, धुळीने मळलेले बर्फ त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश परतविते. उरलेली उष्णता ते शोषून घेते व अधिक वेगाने वितळते.

याचा हिशेब करण्याची एक सोपी रीत आहे. दिवसाचे सरासरी तापमान शून्यावर जितके अंश असेल, त्या प्रत्येक अंशामागे हिम सुमारे ४ मिलिमीटर व उघडे बर्फ सुमारे ७ मिलिमीटर पाणी देते असे धरावे. समजा, हिमनदीवर सरासरी तापमान ५ अंश सेल्सिअस आहे. तेव्हा बर्फापासून दिवसाला ३५ मिलिमीटर पाणी मिळेल. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ते ३५,००० घनमीटर, म्हणजे दर सेकंदास सुमारे ४०० लिटर होते. तेवढेच क्षेत्र हिमाखाली असते तर २०,००० घनमीटरच मिळाले असते. हे गुणक सर्वत्र सारखे नसतात. उतार कोणत्या दिशेला आहे, आकाश निरभ्र आहे की नाही, यांवर ते बदलतात. बर्फावर दगडमातीचा पातळ थर असेल तर वितळणे वाढते. तोच थर जाड झाला की तो पांघरुणासारखा बर्फाचे रक्षण करतो.

नदीत वितळलेले पाणी आहे की पावसाचे, हे हिमनदीच्या मुखाजवळ सहज ओळखता येते. निरभ्र दिवसांत पाणी पहाटे सर्वांत कमी असते व दुपारनंतर किंवा सायंकाळी सर्वांत जास्त. ढग दाटून हवा थंड झाली की ते उतरते. पावसाच्या नदीचे वागणे याच्या नेमके उलट! खाली मैदानाजवळ मात्र अनेक उपनद्यांचे पाणी वेगवेगळ्या वेळी येऊन मिसळते आणि ही दैनिक भरती पुसट होते.

भाक्र्यापाशी सतलजच्या वार्षिक प्रवाहाचा सुमारे ६० टक्के भाग हिम व बर्फ मिळून पुरवितात. या दोन साठ्यांची परस्परांना साथही असते. ज्या वर्षी हिम कमी पडते, त्या वर्षी बर्फ लवकर उघडे पडते व अधिक वितळून काही तूट भरून काढते. परंतु हे पाणी म्हणजे व्याज नव्हे, मुद्दल होय. हिमालयातील बहुतेक हिमनद्या आज आक्रसत आहेत. तापमान वाढत असता अशा हिमनदीचा प्रवाह काही वर्षे वाढलेला दिसतो, कारण प्रत्येक चौरस किलोमीटर बर्फ अधिक पाणी देते. पुढे क्षेत्रच इतके घटते की तापमान चढत असूनही एकूण पाणी कमी होऊ लागते. पावसाळ्यात ही घट सहसा जाणवणार नाही. हिम सरलेले आणि पाऊस ओढ देत असलेला, अशा वर्षीच्या उन्हाळ्यात ती प्रथम दिसेल.