पाचशे पानांचा अहवाल एका कागदावर कसा उतरवावा
(वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाच्या निमित्ताने)



वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून गटसभेत, काट्यावर, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न कानी येतो. "साहेब, आता पानी येनार म्हंतात, मंग ऊस वाढवाव का?" कोणी नवीन बेणे मागतात, कोणी पाइपलाइनसाठी कर्जाचा अर्ज भरतात. म्हणून संचालक मंडळाने आम्हाला सांगितले की या प्रकल्पाचा सारांश एका कागदावर काढा; सभासदाला पाच मिनिटांत समजला पाहिजे.

असा सारांश काढण्याची एक रीत आहे. तो पाच मथळ्यांखाली लिहावा: उद्देश, व्याप्ती, गृहीतके, खर्च आणि लागणारी मंजुरी. उद्या उपसा सिंचनाचा किंवा गोदामाचा अहवाल हाती आला, तरी हेच पाच मथळे कामी येतील. आमचा पहिला कागद चुकला होता. तो कुठे चुकला, हे सांगत सांगतच ही रीत समजावून देतो.

उद्देश

पहिल्या कागदावर आम्ही लिहिले होते : "प्रकल्पामुळे ३ लाख ७१ हजार हेक्टर ओलिताखाली येईल." वाक्य गोड वाटले. एका जुन्या सभासदाने ते वाचून विचारले, "याच्यात आमचं गाव कुठं हाय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उद्देश म्हणजे काम कोणत्या अडचणीसाठी काढले ते. किती फळ मिळेल, तो अंदाज असतो. तो अटींसह गृहीतकांत लिहायचा. दोन्ही एकाच वाक्यात मिसळले की अंदाज वचनासारखा वाचला जातो. दुरुस्त वाक्य असे झाले : "पावसाळ्यात वैनगंगेचे जे जादा पाणी पुढे गोदावरीकडे वाहून जाते, त्यातील सुमारे १,७७२ दशलक्ष घनमीटर पाणी गोसीखुर्द धरणातून पश्चिम विदर्भातील तुटीच्या भागात आणणे." हे पाणी ओलितासाठी तर आहेच, पिण्यासाठी व उद्योगासाठीही आहे. हे शेवटचे वाक्य गाळू नये, कारण ओलिताचा वाटा त्यावर ठरतो.

व्याप्ती

कामात काय आहे आणि काय नाही, ही झाली व्याप्ती. आहे ते असे : भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्दपासून बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगा धरणापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा जोड, आणि नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला व बुलढाणा या ६ जिल्ह्यांना लाभ.

आता काय नाही ते. सारांश काढणारा हा भाग सहसा विसरतो, कारण अहवालात तो एका जागी लिहिलेला सापडत नाही. आमचा नियम सोपा आहे. जे आत आहे असे स्पष्ट लिहिलेले दिसत नाही, ते बाहेर धरावे. जिल्ह्याचे नाव आहे म्हणून तालुका आहे असे होत नाही, आणि तालुका आहे म्हणून आपले वावर लाभक्षेत्रात येते असेही नाही. लाभक्षेत्राची हद्द नकाशावर, गावाच्या व गटाच्या नावाने ठरते. तसेच वावरातली मोटार, पाइप आणि ठिबक प्रकल्पाच्या खर्चात आहे असे वाचायला मिळेपर्यंत ते आपल्या खिशातले समजावे.

गृहीतके

अहवालाचा जीव या मथळ्यात असतो, आणि सारांश काढताना नेमके हेच आधी गळते. कारण गृहीतक बहुधा वाक्याच्या शेपटीला बसलेले असते : "…असे धरल्यास", "…च्या विश्वासार्हतेवर". शेपूट कापली की वाक्य लहान होते, पण अर्थ बदलतो. म्हणून अहवाल वाचताना आम्ही अशा शेपटांखाली लाल पेन्सिलीने रेघ मारतो आणि आधी तीच उतरवून घेतो.

पहिले गृहीतक पाण्याच्या भरवशाचे. आपल्याकडे ओलिताचे प्रकल्प साधारणतः ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखतात. म्हणजे शंभरांतील ७५ वर्षे ठरलेले पाणी मिळेल, आणि २५ वर्षे कमी मिळेल. चार वर्षांत एखादे वर्ष तुटीचे, हे हिशोबात आधीच धरलेले असते. कपाशी-तुरीला एक तुटीचे वर्ष कसेबसे निभावते. उसाचे तसे नाही. लागण वाळली की खोडव्याचे उत्पन्नही गेले.

दुसरे गृहीतक पिकांचे, आणि आपल्यासाठी तेच मोठे. ते तपासायला साधा भागाकार पुरतो. १,७७२ दशलक्ष घनमीटर पाणी ३ लाख ७१ हजार हेक्टरांना वाटले, तर हेक्टरी सुमारे ४,७७५ घनमीटर येते. एका हेक्टरवर एवढे पाणी पसरले तर थराची उंची ४८ सेंटीमीटरच्या आत राहते. यात पिण्याचे व उद्योगाचे पाणी वजा केलेले नाही, वाटेतील गळती व बाष्पीभवनही वजा केलेले नाही. म्हणजे प्रत्यक्षात वावरात पोहोचेल ते याहून कमीच.

सुरू उसाला पाटाने पाणी दिले तर वर्षाला साधारण २०० ते २५० सेंटीमीटर लागते. ठिबकवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. काही भाग पाऊस देतो हे खरे, पण उन्हाळ्याचे चार महिने पाऊस नाही, आणि उसाची मोठी तहान तेव्हाचीच. हिशोब सरळ सांगतो की हा प्रकल्प दोन-तीन पाळ्यांवर येणाऱ्या पिकांसाठी आखलेला आहे, बारमाही उसासाठी नाही. पाटाच्या एका एकर उसाला चार-पाच एकरांचे पाणी जाईल. "३ लाख ७१ हजार हेक्टर" हा आकडा आणि "ऊस वाढवू" हा बेत, दोन्ही एकाच पाण्यावर खरे ठरू शकत नाहीत.

खर्च

मान्यतेच्या वेळी खर्चाचा आकडा सुमारे ८८,५७५ कोटी रुपये होता. नुसता आकडा लिहून भागत नाही. त्याच्या शेजारी तीन गोष्टी लिहाव्या लागतात.

एक, माणशी समजेल असे माप. ८८,५७५ कोटींना ३ लाख ७१ हजारांनी भागले तर हेक्टरी सुमारे २४ लाख, म्हणजे एकरी साडेनऊ लाखांच्या वर. सगळा भार ओलितावर नाही, पिण्याचे व उद्योगाचे पाणीही त्यात आहे, हे सोबत लिहावे.

दोन, तो कोणत्या वर्षाच्या दराने काढला आहे. याचे उदाहरण दूर नाही. ज्या गोसीखुर्दचे पाणी आणायचे, त्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता. २०१६ च्या सुधारित मान्यतेत तो १८,४९४ कोटी झाला, म्हणजे जवळजवळ ५० पट. भाववाढ, भूसंपादन, पुनर्वसन, कामातील बदल, सारे त्यात आले. म्हणून आज मंजूर झालेला आकडा तळाचा समजावा, वरचा नव्हे.

तीन, बांधून झाल्यावर दरवर्षी लागणारा खर्च. गोसीखुर्दची पूर्ण पाणीपातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २४५ मीटर आहे, आणि महानच्या काटेपूर्णा धरणाची ३४७ च्या वर. पाणी आपल्या पायाने चढ चढत नाही. अकोल्याच्या बाजूला ते आणायचे तर वाटेत पंपाने उचलावेच लागेल. त्या विजेचे बिल कोण भरणार आणि पाणीपट्टीत त्यातले किती येणार, हा प्रश्न खर्चाच्या मथळ्याखाली लिहूनच ठेवावा. उत्तर नसेल तर "ठरलेले नाही" असे लिहावे. रिकामी जागा ठेवू नये, वाचणारा तिला शून्य समजतो.

मंजुरी

"मंजूर झाला" हा शब्द फसवा आहे. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करावे आणि अमुक खर्चापर्यंत करावे, एवढे शासनाने ठरवले. त्यानंतर आराखडे व अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता लागते. पर्यावरण आणि वनजमिनीची परवानगी केंद्राकडून घ्यावी लागते. जमिनी संपादित होतात, निविदा निघतात, आणि दरवर्षी अंदाजपत्रकात निधी पडावा लागतो. सारांशात या पायऱ्या ओळीने लिहून प्रत्येकीपुढे "झाली" किंवा "बाकी" आणि तारीख लिहावी. ज्या पायरीची तारीख सापडत नाही, ती बाकी समजावी.

आणखी एक मंजुरी असते, ती म्हणजे ज्यांच्यासाठी कागद लिहिला त्यांच्याकडून काय हवे ती. हे न लिहिल्यास सभेत चर्चा होते, टाळ्या पडतात, निर्णय होत नाही. आमच्या कागदाची शेवटची ओळ अशी आहे :

"संचालक मंडळाने दोन ठराव करावेत. पहिला : पुढील हंगामाची नवीन ऊस नोंद, आज विहिरीत किंवा चालू कालव्यावर असलेल्या पाण्यावरच घ्यावी; नदीजोडाच्या पाण्याच्या आशेवर घेऊ नये, व त्यावर आधारलेल्या कर्जाच्या अर्जाला कारखान्याने शिफारस देऊ नये. दुसरा : आपल्या कार्यक्षेत्रातील लाभक्षेत्राची गावनिहाय यादी, धरलेली पीकरचना व पंपाच्या विजेचा खर्च, ही माहिती जलसंपदा विभागाकडे लेखी मागावी."

पहिला ठराव काहींना कडू लागेल, हे आम्ही जाणतो. पण पाणी यायच्या आधी लावलेला ऊस मे महिन्यात वाळताना आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे, आणि कर्जाचा हप्ता पाण्याची वाट पाहत थांबत नाही.

कागद तपासण्याची एक कसोटी सांगून थांबतो. सारांश तयार झाला की अहवाल न वाचलेल्या माणसाच्या हाती द्यावा आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : काय केव्हा मिळेल? कशावर अवलंबून आहे? आज आपण काय ठरवायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने "तर" न म्हणता दिले, तर कुठेतरी शेपूट कापली गेली आहे. कागद परत घेऊन लाल रेघा पुन्हा पाहाव्यात. आमचा पहिला कागद या कसोटीत नापास झाला होता, दुसरा वाचून तेच जुने सभासद म्हणाले, "म्हंजे पानी आलं तर आलं, पन आपला ऊस आपल्याच विहिरीवर." एवढे समजले तर कागद जमला.

हा कागद गट कार्यालयात लावला आहे. वार्षिक सभेपूर्वी सर्वांनी वाचून घ्यावा आणि ज्या ओळीबद्दल शंका असेल तिच्यासमोर पेन्सिलीने खूण करावी.

— ऊस विकास अधिकारी