अज्ञानाची सही आणि देणेकऱ्याचे पैसे

कायद्याच्या मराठीत ‘अज्ञान’ हा शब्द थोडा फसवा आहे. आपल्या वाचकांना तो ऐकताच अविद्या आठवेल. पण न्यायालयात ‘अज्ञान’ म्हणजे वयाची अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती, मग ती कितीही हुशार असो. जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभी मनुष्य सज्ञान होतो. त्याच्या आदल्या दिवशी केलेली सही आणि त्या दिवशी केलेली सही यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते. न्यायालयाने पालक नेमलेला असेल तर पूर्वी ही मर्यादा एकवीस वर्षांची होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती सर्वांसाठी अठरा झाली.

या विषयाचा पाया घालणारा खटला कलकत्त्याचा आहे. धर्मोदास घोष नावाच्या तरुणाने २० जुलै १८९५ रोजी आपली घरे ब्रह्मोदत्त या सावकाराकडे वीस हजार रुपयांसाठी गहाण ठेवली. व्याज शेकडा बारा. धर्मोदास तेव्हा अज्ञान होता आणि ही गोष्ट सावकाराच्या वकिलाला ठाऊक होती, कारण गहाणखत होण्यापूर्वीच मुलाच्या आईच्या वतीने तसे पत्र त्याच्याकडे आले होते. तरीही त्या वकिलाने ‘मी वयात आलो आहे’ अशा निवेदनावर मुलाची सही घेऊन व्यवहार उरकला. दोन महिन्यांच्या आत मुलाने आईला वादमित्र करून दावा लावला की, हे गहाणखत रद्द करावे. दावा चालू असता सावकार मरण पावला आणि त्याच्या बाजूने मोहोरी बीबी पुढे आली. म्हणून हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. मार्च १९०३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला: करार करण्यास पात्र असलेली व्यक्तीच करार करू शकते, अज्ञान पात्र नाही, म्हणून त्याचा करार रद्द करता येण्याजोगा नव्हे, मुळातच शून्य आहे.

‘रद्द करता येण्याजोगा’ आणि ‘शून्य’ हा भेद शब्दच्छल वाटेल, पण सारे परिणाम त्यातूनच निघतात. फसवणुकीने वा दडपणाने झालेला करार रद्द करता येण्याजोगा असतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो रद्द केला नाही, तर करार जिवंत राहतो, आणि त्याने तो रद्द केला तर करार कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. शून्य करार जन्मलेलाच नसतो. म्हणून अठरा वर्षांचा झाल्यावर मुलगा ‘त्या जुन्या कर्जाला माझी संमती आहे’ असे म्हणाला, तरी जे नव्हतेच त्याला मान्यता देता येत नाही; त्या जुन्याच पैशांसाठी नवी वचनचिठ्ठी लिहून दिली तरी तिला मोबदला उरत नाही. सावकाराच्या वकिलांनी कलम ६४ व ६५ यांचा आधार घेऊन निदान प्रत्यक्ष दिलेले साडेदहा हजार तरी परत मिळावेत, अशी मागणी केली होती. न्यायाधीशांचे म्हणणे असे पडले की, ही कलमे करार करण्यास पात्र असलेल्या पक्षांसाठी आहेत. राहिला न्यायबुद्धीचा प्रश्न. कागद रद्द करताना योग्य वाटल्यास भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयाला तेव्हाही होता. पण वय माहीत असून पैसे देणाऱ्याच्या बाजूने न्यायबुद्धी उभी राहील कशी? एक पैसाही परत मिळाला नाही.

हे संरक्षण कधी कधी मुलाच्याच विरोधात जाते. १९४८ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला आला. अज्ञान मुलीने चित्रपटात काम करावे असा करार तिच्या वडिलांनी निर्मात्याशी केला होता; निर्मात्याने तो मोडला. मुलीला दावा करता आला नाही, कारण करार तिचा मानला तर तो शून्य. वडिलांनाही करता आला नाही, कारण मुलीच्या शून्य वचनाला मोबदला म्हणता येत नाही. या निकालाचा तर्क बिनचूक आहे, परंतु तो वाचून समाधान होत नाही.

आता खरी अडचण. मुलाने वयाबद्दल खोटे सांगितले आणि समोरचा खरोखरच फसला, तर? पुराव्याच्या कायद्यात एक नियम आहे: आपल्या बोलण्यावर विसंबून दुसऱ्याने काही केले, तर नंतर ते बोलणे नाकारता येत नाही. वकील त्याला एस्टॉपेल म्हणतात. मोहोरी बीबीच्या खटल्यात हा प्रश्न सुटला नाही, कारण तेथे कोणी फसलेच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही जुन्या निकालांत अशा खोटारड्या अज्ञानाला ‘आता तुला वयाचा बचाव घेता येणार नाही’ असे सुनावले गेले होते. १९३१ मध्ये गदिगेप्पा विरुद्ध बाळनगौडा या खटल्यात त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती वाट बंद केली. कारण सोपे आहे. कायदा ज्याला करार करण्याची ताकदच देत नाही, त्याने खोटे बोलून ती ताकद मिळवली असे मानले, तर संरक्षणाचा कायदा एका खोट्या वाक्यासरशी संपेल. आणि ते वाक्य छापील कागदावर आधीच तयार ठेवणारे देणेकरी निघतील. कलकत्त्यात नेमके तेच घडले होते.

म्हणून वचन अंमलात येणार नाही हे ठरले. पण घेतलेला पैसा वा वस्तू? इंग्लंडमध्ये १९१४ च्या लेस्ली विरुद्ध शील या खटल्यात एका तरुणाने वय लपवून चारशे पौंड घेतले होते. तेथील न्यायालयाने सीमा आखली: फसवून घेतलेली वस्तू त्याच्याजवळ ओळखता येण्याजोगी असेल तर ती परत करावी, पण पैसा खर्च होऊन गेला असेल, तर ‘परत कर’ म्हणणे म्हणजे मागल्या दाराने कर्जच वसूल करणे होय. भारतात यावर दोन मते झाली. लाहोरच्या पूर्णपीठाने १९२८ मध्ये खान गुल विरुद्ध लखा सिंग या खटल्यात पैसाही परत देववला. तेथे अज्ञानाने वय लपवून जमीन विकली होती आणि पैसे घेऊन ताबा नाकारला होता. जमीनही ठेवायची आणि पैसाही ठेवायचा, हे सर शादीलाल यांना रुचले नाही. अलाहाबादच्या पूर्णपीठाने १९३७ मध्ये अयोध्याप्रसाद खटल्यात याच्या उलट इंग्लंडची सीमा स्वीकारली.

विधी आयोगाने पुढे लाहोरचे मत उचलले आणि त्यातून १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम ३३ आकारास आले. अज्ञान स्वतः कागद रद्द करून मागत असेल, तर न्यायालय त्याला मिळालेला लाभ परत करण्यास आणि न्यायाला धरून भरपाई देण्यास सांगू शकते. तो प्रतिवादी असून ‘मी अज्ञान होतो’ या बचावावर सुटला असेल, तर त्याला वा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला तेवढ्यापुरतीच परतफेड सांगता येते. ‘सांगू शकते’ या शब्दांकडे लक्ष द्यावे: हा न्यायालयाचा विवेक आहे, देणेकऱ्याचा हक्क नव्हे.

एक कल्पित उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. शहरात पदविकेला शिकणाऱ्या मुलाने १२ एप्रिल २०२२ रोजी ओळखीच्या दुकानदाराकडून साठ हजार रुपये घेतले, ‘मी अठरा पूर्ण आहे’ असे सांगितले आणि दरमहा शेकडा दोन व्याजाची वचनचिठ्ठी लिहून दिली. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून २००४. तीस हजारांचा संगणक घेतला, पंधरा हजार महाविद्यालयाचे शुल्क भरले, उरलेले पंधरा हजार मित्रांसोबत फिरण्यात गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुकानदाराने दावा लावला: मुद्दल साठ हजार, अठरा महिन्यांचे व्याज एकवीस हजार सहाशे.

मुलगा तोपर्यंत एकोणीस वर्षांचा झाला आहे, पण त्याने फरक पडत नाही. सहीच्या दिवशीचे वय पाहायचे. त्या दिवशी अठरा पूर्ण व्हायला पन्नास दिवस बाकी होते. चिठ्ठी शून्य, म्हणून व्याज गेले आणि ‘साठ हजार देईन’ हे वचनही गेले. शुल्काचे पंधरा हजार वेगळ्या वाटेने येऊ शकतात: करार कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे अज्ञानाच्या स्थितीला साजेशा गरजा पुरवणाऱ्याला त्याच्या मालमत्तेतून भरपाई मिळते, आणि शिक्षण ही गरज ठरू शकते. मात्र मिळते ती मालमत्तेतून; मालमत्ता नसेल तर मुलाच्या अंगावर वैयक्तिक देणे बसत नाही. संगणक अजून घरात असेल, तर तो वा त्याची आजची किंमत, समजा अठरा हजार, कलम ३३ खाली परत देववता येईल. फिरण्यात गेलेल्या पंधरा हजारांचे काय? त्यातून मालमत्तेत काही उरले नाही. ‘लाभ’ या शब्दावर दोन्ही वकील भांडतील. माझ्या मते देणेकऱ्याची बाजू येथे सर्वांत दुबळी आहे. म्हणजे एक्क्याऐंशी हजार सहाशेच्या दाव्यातून हाती येण्याची वाजवी आशा सुमारे तेहतीस हजारांची. मुलाचे वय दुकानदाराला आधीपासून माहीत होते असे सिद्ध झाले, तर कलम ३३ चा आधारही निसटण्याची शक्यता मोठी. कलम ६८ तेवढे उरेल. चिठ्ठीवर वडिलांचीही सही असती तर मात्र हिशेब बदलला असता, कारण सज्ञान माणसाने स्वतः घेतलेली जबाबदारी मुलाच्या वयामुळे आपोआप पुसली जात नाही. केवळ बाप आहे म्हणून मात्र बापावर मुलाचे कर्ज येत नाही.

या उदाहरणातील १ जून ही तारीख मुद्दाम घेतली आहे. आपल्याकडे कितीतरी माजी विद्यार्थ्यांच्या दाखल्यावर हीच तारीख आढळेल. खेड्यातून आलेल्या मुलाची नेमकी जन्मतारीख घरी नोंदलेली नसे, आणि प्रवेशाच्या वेळी गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख लिहून टाकीत. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण वर सांगितलेला सारा बचाव या एका नोंदीवर उभा आहे. वय सिद्ध करण्याचा भार अज्ञानपणाचा बचाव घेणाऱ्यावर असतो. दुकानदाराने नगरपालिकेचा जन्मनोंदीचा उतारा आणला आणि त्यात ९ फेब्रुवारी २००४ निघाली, तर मुलगा सहीच्या दिवशी दोन महिन्यांनी सज्ञान होता आणि पूर्ण साठ हजार व्याजासह देणे लागतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील तारखेला आपोआप वजन येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या बिराड मल सिंघवी खटल्यात स्पष्ट केले आहे: ती तारीख कोणी सांगितली, कशाच्या आधारे सांगितली आणि सांगणाऱ्याला ती माहीत असण्याचे कारण काय, हे पुराव्यात यावे लागते. जन्माच्या वेळी झालेली नोंद याहून बळकट ठरते. म्हणून ज्या पालकांची मुले आज शाळेत आहेत, त्यांनी प्रवेशअर्जासोबत ग्रामपंचायतीचा वा पालिकेचा जन्मदाखला जोडला आहे की नाही, आणि रजिस्टरमधील तारीख त्याच्याशी जुळते की नाही, हे मुलगा शाळेत असतानाच पाहून घ्यावे. शाळा सोडल्यानंतर ही दुरुस्ती फार अवघड होते.