एका ‘हो’वर भागत नाही : शनवाऱ्यातल्या भाजीवाल्या मावशींचा एक दिवस

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात भाजी विकणाऱ्या एका मावशींवर आम्ही तिघांनी सहा मिनिटांचा लघुमाहितीपट केला. त्यांच्याच सांगण्यावरून इथे त्यांचं नाव नाही. कॅमेरा कसा धरावा हे आम्ही वर्गात शिकलो होतो. परवानगी कशी मागावी हे मात्र मावशींनी शिकवलं, म्हणून हा लेख.

आमची पद्धत निरीक्षणाची होती. म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत, ‘पुन्हा एकदा करून दाखवा’ म्हणायचं नाही, जे घडेल ते शांतपणे टिपायचं. अशा चित्रणात माणूस थोड्या वेळानं कॅमेरा विसरतो. तेच हवं असतं आणि धोकाही तिथेच असतो, कारण विसरलेला माणूस ‘हे नको घेऊस’ असं सांगत नाही.

म्हणून पहिला दिवस बिनकॅमेऱ्याचा. छापील फॉर्म घेऊन गेलो होतो, तो पिशवीतच राहिला. पाव किलो मिरची घेतली, पोत्यावर बसले आणि साध्या भाषेत सांगितलं : दिवसभर शूटिंग करू, कॉलेजच्या सभागृहात दाखवू, पैसे मिळणार नाहीत, मधेच ‘बंद कर’ म्हणालात तर बंद करू. मावशींनी विचारलं, “मोबाईलवर येईल का?” आम्ही म्हणालो, यूट्यूबवर टाकायचा विचार आहे. “मग नको बेटा. हॉलमध्ये दाखव, मोबाईलवर नको.” कारण घरगुती होतं, ते इथेही लिहीत नाही. चेहरा धूसर करू का, असं आम्ही सुचवलं. त्या हसल्या, “आवाज माझा, जागा माझी, ताडपत्री माझी. कोण ओळखणार नाही?” यूट्यूब रद्द झालं. ‘दाखवू का’ एवढंच विचारून भागत नाही; कुठे, कोणाला आणि किती दिवस, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. हे बोलणं आम्ही त्यांना सांगून तारखेसह रेकॉर्ड करून ठेवलं.

शूटिंगच्या दिवशी पहाटे मावशी घाऊक माल घेऊन आल्या. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, कारण उभ्यानं घेतलं की भाजीवाली लहान आणि गिऱ्हाईक मोठं दिसतं. प्रत्येक शॉट किमान वीस सेकंद धरायचा असं ठरलं होतं : मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणं, तराजूचं पारडं, सुट्टे पैसे शोधणारी बोटं. दिव्यांच्या उजेडात चित्र लुकलुकू नये म्हणून सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

दुपारी गर्दी ओसरली तशी मावशींनी उधारीची वही उघडली. पेन्सिल, सुरकुतलेली बोटं, पुटपुटलेला हिशोब. दिवसातला सगळ्यात सुंदर शॉट तोच! कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळलं नाही, पण रात्री लॅपटॉपवर गिऱ्हाइकांची नावं आणि आकडे स्वच्छ वाचता येत होते. दुसऱ्या दिवशी विचारलं. मावशी म्हणाल्या, “माझं सोड, पण लोकांची नावं आहेत ना. उद्या माझ्याकडून उधार कोण नेईल?” त्यांचा होकार त्यांच्यापुरता होता, गिऱ्हाइकांच्या वतीनं तो त्या देऊ शकत नव्हत्या. फ्रेडरिक वाइजमन यांचा ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) याच मुद्द्यावर अडला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या इस्पितळात अधिकाऱ्यांच्या परवानगीनं चित्रण झालं. पण कैद्यांच्या खासगीपणाचं काय, असं म्हणत न्यायालयानं जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली. ती १९९१ मध्ये उठली. आम्ही वहीचा शॉट काढला आणि वहीच्या मागच्या बाजूनं पुन्हा बसलो. मावशींनी पुढच्या वेळी आपणहून वही उघडेपर्यंत थांबलो. आता पुठ्ठा दिसतो, पेन्सिल दिसते, पुटपुटणं ऐकू येतं, नाव एकही नाही.

तिसरं बोलणं कच्चं संकलन झाल्यावर. लॅपटॉप भाजीच्या पाटीवर ठेवून मावशींना सगळं दाखवलं. एका जागी त्या थांबल्या. त्यांच्या हातात नासका टोमॅटो आणि लगेच पुढचा शॉट गिऱ्हाइकाच्या पिशवीचा. “हे काय? मी सडका माल विकते?” मूळ चित्रणात त्यांनी तो टोमॅटो बाजूच्या टोपलीत टाकला होता. वेग यावा म्हणून तेवढा भाग आम्हीच कापला होता. चित्र खरं होतं, जोडणी खोटी होती. चार सेकंद परत जोडले.

सभागृहात दाखवायच्या आदल्या दिवसापर्यंत नकार देता येईल, असं त्यांना सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी मी पुन्हा विचारायला गेले. “किती वेळा विचारशील ग?” असं म्हणत त्यांनी कोथिंबिरीची जुडी हातात दिली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.