वही केव्हा मिटायची

पीएच.डी.साठी मी विषय घेतला होता क्षयरोगाचा. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात रुग्ण औषधं अर्धवट का सोडतात, हे शोधायचं होतं. डॉट्सच्या गोळ्या तेव्हा आठवड्यातून तीन दिवस, आरोग्य केंद्रात कुणाच्या तरी समोर गिळाव्या लागत. पहिले दोन महिने प्रत्येक डोस असा डोळ्यांदेखत आणि पुढचे चार महिने आठवड्याचा निदान पहिला तरी. सलग दोन महिन्यांहून जास्त खंड पडला की रजिस्टरात त्या नावापुढे ‘डिफॉल्टर’ असा शेरा पडायचा. त्या शेऱ्यांमागे फिरताना निगमन आणि विगमन या दोन शब्दांनी माझी पुरती फिरकी घेतली. (बी.एड.च्या पुस्तकांत यांनाच अवगामी आणि उद्गामी म्हणतात.) त्या दिवसांतले हे काही धडे.

१. निगमनात अभ्यासाचा शेवट आधी ठरतो, सुरुवात नंतर होते.

मी सिद्धांतापासून निघाले होते. सेवा जितकी लांब तितका तिचा वापर कमी, हे आरोग्य-संशोधनातलं जुनं गृहीत. त्यावरून माझं गृहीतक असं झालं की केंद्रापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे राहणारे रुग्ण जास्त प्रमाणात औषध सोडतात. गाइड सरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “किती रुग्ण पाहिलेस की थांबशील?” मला प्रश्नच कळला नाही. मिळतील तेवढे पाहू, असं माझ्या मनात होतं.

सरांनी कागद पुढे ओढला. जवळच्यांपैकी २० टक्के सोडतात असं समज. लांबचे किती सोडत असतील तर तुला तो फरक मोलाचा वाटेल? मी म्हटलं, ३० टक्के. मग हिशेब झाला. नसलेला फरक दिसल्याचा धोका पाच टक्क्यांवर ठेवायचा आणि असलेला फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी, तर प्रत्येक गटात साधारण २९० रुग्ण लागतात. लांबचे ४० टक्के सोडतात असं धरलं, तर ऐंशीच्या आसपास रुग्णांत काम भागतं. आणि २५ टक्क्यांइतका बारीक फरक पकडायचा असेल, तर एकेका गटात जवळजवळ १,१००. फरक निम्मा केला की माणसं जवळपास चौपट लागतात. म्हणजे अभ्यास कुठे संपणार हे मी कोणता फरक मोलाचा मानते यावर ठरणार होतं, आणि ते गावात पाऊल टाकण्याआधी सांगायचं होतं. ‘सोडणं’ म्हणजे काय, अंतर सरळ रेषेत मोजायचं की रस्त्याने, हेही त्याच कागदावर लिहून सही झाली.

त्या सहीचा मला तेव्हा राग आला होता.

२. ‘फरक नाही’ असं उत्तर आलं तरी वही मिटायची असते.

दोन्ही गट पूर्ण झाले. लांबचे आणि जवळचे जवळपास सारखेच औषध सोडत होते. लांबच्यांचं पारडं किंचित जड होतं, पण इतकं किंचित की योगायोगानेही तसं होऊ शकलं असतं. मी सरांना म्हटलं, शेजारच्या केंद्राचं रजिस्टर मिळतंय, अजून शंभर घेते, चित्र स्पष्ट होईल. सर म्हणाले, “आणि फरक आला असता, तर अजून शंभर घेतले असतेस का?”

नसते घेतले. गोम तिथेच होती. हवं ते दिसेपर्यंत मोजत राहायचं आणि दिसलं की थांबायचं, असं केलं तर पाच टक्क्यांचा धोका पाच टक्के राहत नाही. जमत जाणारी माहिती समान टप्प्यांवर पाच वेळा तपासली आणि दर वेळी तीच पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर मुळात नसलेला फरक कधीतरी ‘दिसण्याची’ शक्यता १४ टक्क्यांच्या घरात जाते. दहा वेळा डोकावलं तर १९ टक्क्यांच्या. मोठ्या औषधचाचण्यांत मध्येच डोकावतात, नाही असं नाही, पण किती वेळा डोकावायचं ते आधी ठरलेलं असतं आणि प्रत्येक वेळची कसोटी त्या मानाने कडक केलेली असते.

याची दुसरी बाजूही सरांनीच दाखवली. ८० टक्के शक्यतेचा अभ्यास दहा टक्क्यांचा खरा फरकही पाचातून एकदा चुकवतो. म्हणून मी ‘अंतराचा संबंध नाही’ असं लिहिलेलं वाक्य त्यांनी खोडलं आणि तिथे ‘या अभ्यासाला संबंध आढळला नाही’ असं घातलं. आजही एखाद्या प्रबंधात मी आधी हेच वाक्य शोधते.

३. विगमन सुरू होतं ते ‘इतर’च्या रकान्यात.

माझ्या प्रश्नावलीत औषध सोडण्याची सहा कारणं छापलेली होती आणि सातवं ‘इतर’. एका संध्याकाळी रद्दीत टाकण्याआधी मी फॉर्म चाळत बसले. ‘इतर’पुढच्या अर्ध्या इंचात माझ्याच घाईच्या अक्षरात पुन्हा पुन्हा एकच शब्द होता, ‘कारखाना’.

मी रजिस्टरं परत काढली आणि या वेळी अंतर सोडून औषध सुरू झाल्याचा महिना बघितला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू करणारे दिवाळीच्या आगेमागे गळत होते. मग गावात गेले, प्रश्नावली घरी ठेवून. एका गृहस्थांनी सांगितलं, “खोकला थांबला व्हता, वजन भरलं व्हतं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. न जाऊन सांगता कुणाला?” ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचलही त्या हिशेबाने मिळते. एकजण मागे राहिला की अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत फारसं कुणी विचारत नाही. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी माणसाला नेमकं काम करण्याइतकं बरं केलं होतं आणि उरलेले चार महिने तो शेकडो किलोमीटरवर, उसाच्या फडात होता. त्याचं कार्ड मात्र केंद्राच्या कपाटात.

हे कुठल्याही सिद्धांतातून मला मिळालं नसतं. अंतराचा सिद्धांत घर ते केंद्र मोजत होता, आणि इथे घरच हललं होतं.

४. विगमनात पुढचा माणूस मागचा माणूस ठरवतो.

इथे नमुना आधी काढून ठेवता येत नाही. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७च्या पुस्तकात ही पद्धत मांडली. माहिती गोळा करणं आणि तिचा अर्थ लावणं एकत्र चालवायचं, आणि जमलेल्या अर्थात जिथे भोक दिसेल तिथे पुढचा माणूस शोधायचा. माझा कच्चा अर्थ होता, ‘स्थलांतरामुळे औषध सुटतं’. मग ज्याने स्थलांतर करूनही कोर्स पूर्ण केला, असा माणूस मला हवा होता.

तो सापडायला तीन आठवडे गेले. त्याच्या मुकादमाला स्वतःला पूर्वी क्षय झाला होता. त्यानेच केंद्रातून बदलीचा कागद करून घेतला आणि कारखान्याजवळच्या दवाखान्यात स्वतः नेऊन दिला. या एका माणसामुळे माझं वाक्य बदललं. औषध सुटायला स्थलांतर पुरेसं नव्हतं; आजार टोळीत लपवावा लागला की ते सुटत होतं. मग पुढच्या मुलाखती मुकादमांच्या घेतल्या.

५. थांबण्याची खूण फसवी असू शकते.

नवीन माणूस नवीन काही सांगेनासा झाला की थांबायचं, याला संपृक्तता म्हणतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेल्याचं दिसलं. तेव्हापासून ‘बारा मुलाखती पुरे’ हा जणू सरकारी दर झाला आहे. त्या स्त्रिया बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही सर्वांना ठरावीकच होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझ्या बाबतीत चौदाव्या मुलाखतीला सगळं ओळखीचं वाटू लागलं. मी खूश. मग वही चाळताना ध्यानात आलं की चौदाही पुरुष होते. पंधरावी बाई होती. तिने मुकादमाचं नाव एकदाही काढलं नाही. तिला आजार लपवायचा होता तो सासूपासून, आणि केंद्रात जायला कारण काय सांगायचं हा तिचा रोजचा पेच होता. तिच्या दृष्टीने कारखान्याला जाणं ही सुटका होती. माझी वही पुन्हा उघडली ती आणखी अकरा बायकांशी बोलून मिटली. मी ज्या वर्तुळात फिरत होते तेवढंच संपृक्त झालं होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना ‘किती मुलाखती झाल्या’ हे विचारत नाही. शेवटचे तीन जण आधीच्यांपेक्षा कशात वेगळे होते, हे विचारते.

६. ज्या वहीने कल्पना सुचवली, तीच वही तिची साक्ष देऊ शकत नाही.

आता मोह झाला. रजिस्टरं हाताशी होतीच. प्रबंधात ‘पावसाळ्यात औषध सुरू करणारे जास्त गळतात’ हे गृहीतक पहिल्या प्रकरणात टाकायचं आणि त्याच नोंदींनी ते सिद्ध करायचं, बस. अंतराचं प्रकरण गुपचूप गाळायचं. या प्रकाराला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली ‘हार्किंग’ असं नाव दिलं. निकाल कळल्यावर गृहीतक रचायचं आणि ते आधीपासून होतं असं दाखवायचं. भिंतीवर बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढण्यासारखं.

सरांनी दुसऱ्या तालुक्याची रजिस्टरं आणायला लावली. पुन्हा कागद, पुन्हा सही. या वेळी एक अट जास्त होती. कल्पना खरी असेल तर काय दिसता कामा नये, तेही आधी लिही. मी लिहिलं की ज्या गावांतून कुणी ऊसतोडीला जात नाही, तिथे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात औषध सुरू करणारे सारखेच टिकायला हवेत. तिथेही पावसाळ्यातले गळले, तर दोष कारखान्याचा नाही, दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

तोडणीच्या गावांत फरक आला, अपेक्षेपेक्षा लहान, पण आला. बिगरतोडणीच्या गावांत येऊ नये असं मी लिहून दिलं होतं, तिथेही थोडासा आला. इतका थोडा की गृहीतक पडलं नाही, पण निवांत बसू देईना. ती आकडेवारी घेऊन मी तिथल्या आरोग्यसेविकेकडे गेले. तक्त्यातल्या दिवाळीच्या महिन्यांवर तिने बोट ठेवलं.

“मॅडम, ह्या दिवसांत कापूस वेचायला सकाळी सातलाच जातात सगळ्या बाया,” ती म्हणाली. “आपला दवाखाना उघडतो नऊला.”