आकाशातील इंधनभरण : दांडी की टोपली?

जुलै 2020 च्या अखेरीस फ्रान्सहून निघालेली पहिली 5 राफेल विमाने अंबाला येथे उतरली, त्यावेळी प्रसिद्ध झालेले एक छायाचित्र अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. एका मोठ्या विमानाच्या पंखाखालून लांब नळी लोंबत आहे, तिच्या टोकाला टोपलीसारखे काहीतरी आहे आणि मागून येणाऱ्या राफेलने आपल्या नाकाजवळची दांडी त्या टोपलीत खुपसली आहे. सुमारे 7 हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात या विमानांनी अबुधाबीजवळच्या अल् दाफ्रा तळावर एकच मुक्काम केला. वाटेत फ्रेंच हवाई दलाच्या टँकर विमानाने त्यांना सुमारे 30 हजार फूट उंचीवर इंधन पुरविले होते.

टाकी भरली की पल्ला वाढतो, यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु तो किती वाढतो आणि का वाढतो, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट विमानाचे नाहीत. समजण्यास सोपे जावे म्हणून ते गोल घेतले आहेत.

एका लढाऊ विमानात 5 टन इंधन मावते असे मानू. त्यांपैकी धावपट्टीवरून उठून उंची गाठण्यात 0.8 टन खर्च होते. लक्ष्यावरील झटापटीसाठी 1 टन राखून ठेवावे लागते, कारण इंजिनाचा पश्चज्वलक पेटविला की इंधन पाण्यासारखे वाहते. परतल्यावर तळावर धुके असेल किंवा धावपट्टी अडलेली असेल, तर दुसरा तळ गाठण्यासाठी 0.7 टन शिल्लक हवे. उरले 2.5 टन. दर किलोमीटरला 3 किलो खर्च धरला, तर एवढ्या इंधनात सुमारे 830 किलोमीटरचे अंतर कापता येईल. जाणे आणि येणे दोन्ही त्यातच बसवायचे, म्हणजे विमान तळापासून जेमतेम 415 किलोमीटरवरच्या लक्ष्यापर्यंत जाऊ शकते. पाच टनांपैकी निम्मे इंधन प्रत्यक्ष प्रवासाच्या कामी येतच नाही.

आता हे विमान 400 किलोमीटरवर टँकरला गाठते. तोवर त्याचे 2 टन इंधन खर्च झालेले असते. टँकर तेवढे भरून देतो आणि विमान पुन्हा भरल्या टाकीने पुढे निघते. उंची गाठण्याचा खर्च होऊन गेलेला आहे. तो पुन्हा करावयाचा नाही. झटापटीचे आणि शिलकीचे 1.7 टन वजा केले, तर प्रवासासाठी 3.3 टन राहतात. त्यांत 1,100 किलोमीटरचे अंतर होते. येथून तळापर्यंतचे परतीचे 400 किलोमीटर त्यातून काढून ठेवले, तर पुढे जाण्यायेण्यासाठी 700 उरतात. म्हणजे विमान टँकरपासून आणखी 350 किलोमीटर पुढे, तळापासून 750 किलोमीटरवर पोहोचू शकते. अवघ्या 2 टनांनी पल्ला पाऊणपटीहून अधिक वाढला. कारण उघड आहे. उंची, झटापट आणि शिल्लक हे ठरलेले खर्च पहिल्या टाकीतून भागले. नंतर मिळालेले सर्व इंधन अंतर कापण्याच्या उपयोगी पडले.

टँकरचा आणखी एक उपयोग आहे. बाँब आणि पूर्ण टाकी यांचे वजन मिळून पुष्कळदा धावपट्टीला झेपत नाही. अशा वेळी विमान शस्त्रे पूर्ण परंतु टाकी अर्धी ठेवून उडते आणि उरलेले इंधन वर गेल्यावर घेते.

मग परतीच्या वाटेवरही टँकर उभा केला तर? वरील हिशेबाने पल्ला 950 किलोमीटरपर्यंत जातो. परंतु येथे एक धोका आहे. परतणारे विमान टँकरजवळ येते तेव्हा त्याच्यापाशी फक्त 0.7 टन, म्हणजे सुमारे 230 किलोमीटरचे इंधन असते आणि तळ 400 किलोमीटर दूर असतो. इंधन घेता आले नाही, तर वैमानिकाने जावे कोठे? म्हणूनच मोहीम आखणारे अधिकारी कागदावरचा पूर्ण पल्ला सहसा वापरीत नाहीत.

इंधन देण्याच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत. त्यांतील पहिली बूमची. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या बोइंग कंपनीने ती विकसित केली. अमेरिकेच्या अवजड बाँबफेकी विमानांना थोड्या वेळात भरपूर इंधन हवे होते, ही तिच्या मागची गरज. टँकरच्या शेपटीखाली एक ताठ, आत-बाहेर सरकणारी नळी असते. तिला छोटे पंख असतात आणि टँकरमधील चालक त्यांच्या साहाय्याने ती हव्या त्या दिशेस वळवितो. के.सी. 135 या जुन्या टँकरमध्ये हा चालक शेपटीच्या खिडकीशी पालथा झोपून काम करतो. खालच्या विमानाच्या वैमानिकाने फक्त आपली जागा सोडायची नाही. पुढे-मागे, वर-खाली किती सरकायचे हे टँकरच्या पोटाखालचे दिवे त्याला दाखवितात. नेम धरून नळी खाचेत बसविण्याचे कौशल्य चालकाचे.

दुसरी पद्धत ब्रिटनमधील सर ॲलन कोबॅम यांच्या कंपनीची. 1949 च्या ऑगस्टमध्ये या पद्धतीने दहा वेळा इंधन घेऊन एक मिटिओर जेट विमान 12 तासांहून अधिक वेळ आकाशात राहिले होते. यात टँकर एक लवचीक नळी मागे सोडतो. तिच्या टोकाला ड्रोग म्हणजे फनेलच्या आकाराची टोपली असते आणि वाऱ्यामुळे ती नळीला ताणून धरते. इंधन घेणाऱ्या विमानाला प्रोब नावाची पुढे आलेली दांडी असते. येथे टँकर सरळ उडत राहतो. नेम धरण्याचे सारे काम मागच्या वैमानिकाचे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. वैमानिक प्रथम टोपलीच्या मागे काही मीटरवर स्थिर होतो. नंतर तो टँकरच्या तुलनेत ताशी पाच ते आठ किलोमीटरच्या, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे सरकतो. नवशिक्याची नजर टोपलीवर खिळते आणि तो तिचा पाठलाग करू लागतो. तसे केले की ती हुकणार हे जवळजवळ ठरलेलेच. विमानाच्या नाकापुढे दाबलेली हवा टोपलीला शेवटच्या क्षणी बाजूला ढकलते. म्हणून नजर टँकरच्या आकृतीवर ठेवायची आणि टोपली नजरेच्या कडेला असू द्यायची, असे शिकविले जाते.

वेग कमी पडला तर झडप पुरती अडकत नाही आणि सांध्यातून इंधनाचे तुषार उडून काचेवर येतात. जोड नीट बसला नसल्याची ती खूण होय. वेग जास्त झाला तर नळी सैल पडते. टँकरमधील रीळ ती सैल नळी ताबडतोब गुंडाळून घेण्यासाठीच असते. ते मागे पडले, तर चाबकासारखी लाट नळीतून धावते आणि प्रोबचे टोक मोडून नेते. ते टोक मुद्दाम कच्चे ठेवलेले असते, कारण ते तुटले नाही तर विमानाचे नाकच उखडण्याची भीती असते. सारे सुरळीत झाले की वैमानिक टोपलीला काही मीटर पुढे रेटतो, इंधनाची झडप उघडते आणि टँकरवर हिरवा दिवा लागतो.

मग दोहोंत सरस कोणती? बूममधून मिनिटाला सुमारे 3 टनांपर्यंत इंधन जाऊ शकते; पंखाखालच्या नळीतून साधारणपणे एक ते सव्वा टन. परंतु लढाऊ विमानाच्या टाक्यांत बूमच्या पूर्ण वेगाने इंधन शिरूच शकत नाही. शिवाय बूम एका वेळी एकाच विमानाला भरविते, तर दोन पंखांखाली दोन नळ्या असल्या की दोन लढाऊ विमाने एकदम पिऊ शकतात. मोठ्या विमानाला बूम हवी आणि लढाऊ विमानांच्या तुकडीला टोपली पुरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अमेरिकी हवाई दलाची एफ 16 सारखी लढाऊ विमाने बूमवर अवलंबून आहेत, ती मुख्यतः त्या दलाचे टँकर बाँबफेकी विमानांसाठी बांधले गेले म्हणून. त्याच देशाच्या नौदलाने मात्र टोपलीच पसंत केली, कारण नळी आणि रीळ असलेली पेटी विमानवाहू जहाजावरच्या लहान विमानालाही टांगता येते.

भारतीय हवाई दलाने 2003 पासून आग्रा येथे ठेवलेले आय.एल. 78 टँकर टोपलीचे आहेत. दोन्ही पंखांखाली आणि शेपटीजवळ अशा तीन नळ्या त्यांना असतात. याच टँकरांच्या बळावर 2004 मध्ये आपली जग्वार विमाने सरावासाठी अलास्कापर्यंत गेली. सुखोई, मिराज आणि राफेल यांनाही प्रोब आहे. मात्र आपल्याच दलातील सी. 17 या अवजड मालवाहू विमानाच्या पाठीवर बूमसाठी खाच आहे, आय.एल. 78 ची टोपली त्याच्या काही कामाची नाही.

टँकरही इंधन जाळतच उडतो, ही गोष्ट हिशेबात सहज विसरली जाते. तिची किंमत 1982 च्या फॉकलंड युद्धात दिसली. असेन्शन बेटावरून पोर्ट स्टॅन्लेच्या धावपट्टीवर बाँब टाकावयाचे होते. अंतर एका बाजूने 6 हजार किलोमीटरांहून अधिक. 30 एप्रिलच्या रात्री व्हल्कन जातीची 2 बाँबफेकी विमाने आणि 11 व्हिक्टर टँकर उडाले. एक व्हल्कन राखीव होते. टँकर एकमेकांना इंधन देत आणि रिकामे होणारे परत फिरत. मुख्य व्हल्कनच्या कक्षात हवेचा दाब टिकेना, म्हणून राखीव विमानाचे वैमानिक मार्टिन विदर्स यांना पुढे जावे लागले.

दक्षिणेस शेवटी दोन टँकर आणि व्हल्कन एवढेच उरले. त्या टप्प्यावर विमाने वादळी ढगांत सापडली. बॉब टक्सफर्ड यांच्या व्हिक्टरकडून इंधन घेताना दुसऱ्या व्हिक्टरच्या प्रोबचे टोक मोडले. आता त्याला इंधन घेता येईना. लगेच भूमिका बदलल्या : टक्सफर्ड यांनी त्याच्याकडून इंधन परत घेतले आणि तो माघारी वळला. पण तुटलेल्या टोकाने टक्सफर्ड यांची टोपली बिघडली असेल तर? विदर्स यांनी व्हल्कन जवळ नेले आणि टॉर्चच्या उजेडात टोपली पाहून ती धड असल्याची खात्री करून घेतली.

मग टक्सफर्ड यांनी व्हल्कनला इंधन दिले. ते ठरल्यापेक्षा सुमारे 3 टन कमी होते, तरीही स्वतः घरी पोहोचण्यास लागणारे इंधन त्यांनी देऊन टाकले होते. त्याच वेळी मदत मागितली असती तर रेडिओवरील मौन मोडून हल्ल्याचा सुगावा लागला असता. विदर्स पुढे गेले. त्यांच्या 21 बाँबांपैकी एक धावपट्टीच्या मधोमध पडला. हल्ला झाल्याचा सांकेतिक शब्द ऐकू येईपर्यंत टक्सफर्ड गप्प राहिले आणि नंतर त्यांनी टँकर मागितला. असेन्शनहून आलेल्या व्हिक्टरने त्यांना समुद्रावर गाठले. व्हल्कनसाठी आणखी एक व्हिक्टर ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर वाट पाहत होता. त्याच्याकडून इंधन घेऊन विदर्स सुमारे 16 तासांच्या उड्डाणानंतर बेटावर उतरले.