रिव्ह्यू मागण्याआधी लिस्टिंग वाचा : बिडाच्या तव्याचा धडा

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "सर, ऑर्डर येतात, पण रिव्ह्यू येत नाहीत. आणि आलेच तर एक स्टारचे येतात. काय करायचं?"

उत्तर दोन भागांत आहे, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिस्टिंगमधले शब्द दुरुस्त करायचे, मग रिव्ह्यू मागायचा. उलटं केलंत तर नाराज ग्राहकांना तुम्ही स्वतःच आमंत्रण देऊन बोलावता. मी हे उलटंच केलं होतं, म्हणून माझ्याच दुकानातल्या बिडाच्या डोसा तव्याचं उदाहरण घेतो. मी तो अ‍ॅमेझॉनवर विकतो, त्यामुळे नियमही तिथलेच सांगतो.

५०० कार्डं, जी रद्दीत गेली

सुरुवातीला रिव्ह्यू येईनात, तेव्हा मी ५०० कार्डं छापून घेतली. मजकूर असा : "५ स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ५० रुपये मिळवा." बॉक्समध्ये टाकण्याच्या आदल्या दिवशी नियम नीट वाचले आणि गठ्ठा तसाच रद्दीत दिला. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, कूपन, भेटवस्तू किंवा पुढच्या खरेदीवर सूट, काहीही देता येत नाही. सापडलात तर रिव्ह्यू काढले जातात आणि विक्रीचं खातंही बंद होऊ शकतं.

मग मला दुसरी हुशारी सुचली : "आवडलं तर रिव्ह्यू द्या, नाही आवडलं तर आम्हाला फोन करा." वाचायला किती सभ्य वाटतं, नाही? पण हेही चालत नाही. यात तुम्ही खूश ग्राहकाला रिव्ह्यूकडे आणि नाराज ग्राहकाला बाजूला वळवता, म्हणजे गाळणीच लावता. फक्त चांगला रिव्ह्यू मागणं, आलेला रिव्ह्यू बदला किंवा काढा असं सांगणं, घरच्यांकडून किंवा कामगारांकडून रिव्ह्यू लिहून घेणं, हे सगळं त्याच यादीत येतं. आणि स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सरळ मनाई आहे.

मग मागायचा कसा? सेलर सेंट्रलमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या तपशिलाच्या पानावर `Request a Review` असं बटण असतं. माल पोचल्यानंतर ५ ते ३० दिवसांच्या आत ते दाबता येतं, एका ऑर्डरला एकदाच. मेसेज अ‍ॅमेझॉनच पाठवतं. त्यातला एक शब्दही आपल्याला बदलता येत नाही, आणि म्हणूनच चूक होण्याची भीती नाही.

मी बटण दाबायला लागलो. रिव्ह्यू आले. पण कसे? "खूप जड आहे." "डोसा चिकटतो, फसवलं." "फोटोत मोठा दिसतो." रिव्ह्यू मागण्याचा मार्ग आता बरोबर होता. चूक दुसरीकडेच होती.

तक्रारी एका कागदावर

मग मी एक संध्याकाळ काढली. परताव्याच्या रिपोर्टमधल्या ग्राहकांच्या कमेंट, कमी स्टारचे रिव्ह्यू आणि मेसेज, असं सगळं मिळून तीन महिन्यांतल्या १४ तक्रारी वहीत उतरवल्या आणि कारणानुसार वेगळ्या केल्या :

- फार जड : ५
- पदार्थ चिकटतो : ४
- आकार वाटला त्यापेक्षा लहान : ३
- तुटून आला : २

शेवटच्या दोन बाजूला काढा. बीड लोखंडी पत्र्यासारखं वाकत नाही, आपटलं की तडकतं. तो प्रश्न पॅकिंगचा आहे. कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावला आणि तो सुटला. शब्द बदलून तो कधीच सुटला नसता.

पण उरलेल्या १२ तक्रारींत तवा खराब नव्हताच. बीड जडच असतं. नवा तवा सुरुवातीला चिकटतोच. तवा जसा असायला हवा तसाच होता, ग्राहकाच्या डोक्यातला तवा मात्र वेगळा होता. आणि तो त्याच्या डोक्यात कुणी घातला? माझ्या लिस्टिंगने. माझं जुनं शीर्षक बघा :

"प्रीमियम हेवी ड्युटी लोखंडी डोसा तवा, नॉन-स्टिक, रेडी टू यूज, १२ इंच"

आता एकेक शब्द पकडू.

"लोखंडी" आणि "हेवी ड्युटी"

आपल्याकडे लोखंडी तवा म्हटलं की पत्र्याचा, पोळीचा हलका तवा डोळ्यांसमोर येतो. माझा होता ओतीव बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. आणि "हेवी ड्युटी" वाचून ग्राहकाला टिकाऊ असं कळतं, जड असं नाही. म्हणून मी तवा काट्यावर ठेवला आणि आकडाच लिहिला : "वजन सुमारे २.३ किलो, म्हणजे पाण्याने भरलेल्या २ लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं जास्त. ओतीव माल असल्याने १०० ग्रॅम कमी-जास्त होऊ शकतं."

बाटलीची तुलना का? कारण २.३ किलो हा नुसता आकडा झाला, पण भरलेली बाटली प्रत्येकाने उचललेली असते. ज्याचं मनगट दुखतं, तो इथेच थांबेल. थांबू द्या. माझ्या हिशोबात परत आलेला एक तवा, जाण्यायेण्याचा खर्च धरून, दोन विकलेल्या तव्यांचा नफा खातो. न झालेली विक्री परत आलेल्या मालापेक्षा स्वस्त पडते.

"नॉन-स्टिक" आणि "रेडी टू यूज"

सगळ्यांत मोठा घोळ इथे होता. बिडाच्या तव्याला तेल लावून तापवलं की त्याचा पातळ थर बसतो आणि वापराने तो तुळतुळीत होत जातो. त्या अर्थाने मी "नॉन-स्टिक" लिहिलं होतं. ग्राहकाला मात्र काळं कोटिंग असलेला, पहिल्या दिवसापासून डोसा सरकणारा तवा दिसला. तो खोटं बोलत नव्हता आणि मीही नव्हतो, पण शब्द माझा होता, म्हणून चूकही माझीच.

नवा मजकूर असा : "यावर कोटिंग नाही. तेल लावून, तापवून देतो. पहिले ३-४ डोसे किंवा घावन चिकटू शकतात, वापराने तवा सुटा होत जातो. पाण्यात भिजत ठेवल्यास गंजतो. धुऊन लगेच पुसा आणि तेलाचा हात फिरवा."

"चिकटू शकतात" असं स्वतःच्याच लिस्टिंगमध्ये लिहिताना माझाही हात थरथरला होता. पण फरक लक्षात घ्या. आधी पहिला डोसा चिकटला की ग्राहकाला फसवल्यासारखं वाटायचं. आता तोच डोसा चिकटला की तो म्हणतो, "हो, लिहिलं होतं खरं."

हाच मजकूर मी एका छोट्या कार्डावर छापून बॉक्समध्येही ठेवतो. त्या कार्डावर रिव्ह्यूचा उल्लेखच नाही, फक्त तवा कसा वापरायचा ते आहे.

"१२ इंच"

१२ इंच कुठून कुठे? माझं माप काठापासून काठापर्यंतचं होतं. ग्राहकाने तेवढा डोसा धरला. म्हणून आता दोन मापं देतो : "काठापासून काठापर्यंत ३० सेमी, डोसा पसरायचा सपाट भाग २६ सेमी." मुख्य फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि मजकुराशिवाय लागतो, म्हणून मापाच्या रेघा दुसऱ्या फोटोवर टाकल्या. तिसऱ्या फोटोत तव्यावर एक नेहमीची पोळी ठेवली, म्हणजे आकार एका नजरेत कळतो.

नवं शीर्षक झालं : "बिडाचा (कास्ट आयर्न) डोसा तवा, ३० सेमी, २.३ किलो, दोन कान, कोटिंग नाही." मोबाईलवर शीर्षकाचा पुढचा भागच दिसतो, म्हणून धातू, माप आणि वजन आधी. "प्रीमियम" काढलं. त्या शब्दाने ग्राहकाला काहीच कळत नव्हतं.

आता बटण, पण कधी?

पाचव्या दिवशी बटण सुरू होतं म्हणून त्याच दिवशी दाबायचं असं नाही. पाचव्या दिवशी ग्राहकाचा तवा अजून चिकटण्याच्या टप्प्यात असतो. दोन आठवड्यांत तो चार-पाच वेळा वापरून होतो आणि मग त्याचं मत खऱ्या वापरावरचं असतं. टी-शर्टला इतकं थांबायची गरज नाही. स्वतःला विचारा : माझी वस्तू नीट कळायला ग्राहकाला किती दिवस लागतात?

माझी पद्धत साधी आहे. दर सोमवारी, माल पोचून १२ ते १८ दिवस झालेल्या सगळ्या ऑर्डरवर बटण दाबतो. असे सात दिवस धरले की एकही ऑर्डर सुटत नाही आणि ३० दिवसांची मुदतही हुकत नाही. "सगळ्या" म्हणजे ज्या ताईंनी वजनावरून कुरकुर केली, त्यांचीसुद्धा. निवडून दाबलंत तर तीच गाळणी परत लागली. बटण दाबल्यावर वर आणखी मेसेज पाठवून आठवण करायची नाही.

आणि तरीही वाईट रिव्ह्यू आला तर? ग्राहकाने संपर्क केला तर अडचण सोडवा, तवा बदलून द्या, पैसे परत करा. पण "आता रिव्ह्यू बदला ना" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याला वाटलं तर तो स्वतः बदलेल.

फरक पडला हे कसं ओळखायचं?

स्टारची सरासरी बघू नका. जुने रिव्ह्यू तिथेच राहतात, त्यामुळे ती सावकाश हलते. त्यापासून पळायला त्याच वस्तूची दुसरी लिस्टिंगही उघडू नका, तेही नियमाबाहेर आहे. त्याऐवजी तीच वही घ्या आणि दर १०० ऑर्डरमागे "जड", "चिकटतो", "लहान" या तीन कारणांच्या तक्रारी बदलाआधी किती होत्या आणि नंतर किती आहेत, एवढंच मोजा. परताव्याला वेळ लागतो, म्हणून निदान दोन महिने द्या. एखादं कारण कमी होत नसेल, तर दोनच शक्यता : तुमचं वाक्य ग्राहकाला दिसत नाही, किंवा दोष खरंच मालात आहे. पहिल्यासाठी ते वाक्य फोटोवर आणा. दुसऱ्यासाठी माल बनवणाऱ्याकडे जा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या एका वस्तूच्या शेवटच्या दहा तक्रारी वहीत लिहा आणि प्रत्येकीपुढे लिस्टिंगमधला तो शब्द लिहा, ज्याने ग्राहकाची समजूत चुकवली. शब्द सापडला नाही, तर तिथे "माल" किंवा "पॅकिंग" लिहा. ती यादी तयार झाल्याशिवाय बटणाला हात लावू नका.